निरोपानंतरची नोटीस

माझा निरोप समारंभ फार चांगला झाला. त्यात एकच गोष्ट चुकली, ती म्हणजे सोमवारी मी परत कामावर गेलो.

नागपूरजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीच्या गोदामात मी डिस्पॅच सांभाळत होतो. यंत्रांचे सुटे भाग येत, खोक्यांत भरले जात, ट्रकवर चढत आणि कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या गोदामात उतरत. हे काम करता करता माझे केस पांढरे झाले आणि मला वाटू लागलं, की हे गोदाम माझ्यावाचून चालणार नाही. अशी समजूत झालेल्या माणसाच्या डोक्यावर एक दिवस त्याचाच शिकाऊ साहेब म्हणून आणून बसवतात. माझ्या बाबतीत तो नरखेडकडचा, संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा होता. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कामाला वाघ, आणि स्वभावानं इतका गरीब, की त्याचा राग धरायला मला फार कष्ट पडले. पण ते मी घेतले.

राजीनाम्याचा मेल मी बरीच वर्षं मनात घोळवत होतो. त्यामुळे लिहायला बसलो तेव्हा तो सरसर उतरला. 'तत्काळ प्रभावाने' हे शब्द मी दोनदा वापरले. शिवाय एक वाक्य असं होतं, ‘ज्यांना मी ट्रकची पावती वाचायला शिकवली, त्यांच्याकडे मी रजेचा अर्ज करणार नाही.’ हे वाक्य मला इतकं आवडलं, की मेल मी फक्त साहेबाला पाठवून थांबलो नाही. पूर्ण विभागाला त्याची प्रत गेली. हेड ऑफिसातल्या दोघांनाही, ज्यांची मला फक्त नावं माहीत होती.

साहेबाचं उत्तर दुपारी आलं. नोटीसचा काळ दोन महिन्यांचा असतो, पण आपली इच्छा पाहता शुक्रवारी आपल्याला मोकळं करायला हरकत नाही, असं त्यात होतं. मी जिंकलो होतो. इतरांना नोटीस माफ करून घेण्यासाठी महिनाभर मागे लागावं लागतं, आणि मला एका मेलात सुटका.

शुक्रवारी चार वाजता कॅन्टीनमध्ये समोसे आले. साहेब दोन शब्द बोलला, बोलताना त्याचा आवाज कापला. मी मात्र वीस मिनिटं बोललो. कंपनीनं काय चुका केल्या हे सांगितलं, पुढे काय चुका करील हेही सांगितलं. शेवटी सगळ्यांशी हात मिळवले, गेटवर ओळखपत्र जमा केलं आणि सगळ्यांनी वर्गणी काढून भेट दिलेलं भिंतीवरचं मोठं घड्याळ काखेत मारून कंपनीच्या बसमध्ये चढलो. वर्धा रोडवर पोचेपर्यंत विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून माझं नाव निघालं होतं. कोणीतरी फारच तत्पर होतं.

घरी बाबा वाट पाहत होते. आम्ही दोघंच राहतो. बाबा उमरेडला खड्ड्याच्या मागावर धोतरं, उपरणी विणायचे. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पायट्या दाबायच्या, त्यात त्यांचे गुडघे गेले. उजवा तर असा झाला होता, की संडासात जाताना ते भिंत धरून, तिच्याशी बोलत जायचे. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरला मनीषनगरच्या फ्लॅटवर आणलं. त्यानंतर माझी बायको गेली. तेव्हापासून दोन पुरुष आणि एक कुकर असं आमचं कुटुंब आहे.

“राजीनामा देऊन आला?” बाबांनी विचारलं.

“देऊन आलो. तोंडावर.”

“शाब्बास गा! माणूस असाच पाह्यजे.” मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “उद्या दवाखान्यात जायचं हाय ना?”

जायचं होतं. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचा हे डॉक्टरांनी आधीच ठरवलं होतं. ऑपरेशन दोन आठवड्यांवर होतं आणि शनिवारी तपासण्या आणि विम्याचे कागद द्यायचे होते. राजीनाम्याचा मेल लिहिताना मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण गुडघा हा विषय माझ्या डोक्यात एका खोलीत होता आणि राजीनामा दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार उघडणारी माझी बायको आता नव्हती. विम्याचं सगळं ती पाहायची. तिच्या स्वतःच्या आजारपणातसुद्धा कुठला कागद कुठे द्यायचा हे ती पलंगावरून सांगायची आणि मी हमालासारखा देऊन यायचो. मला वाटायचं, कंपनीचा विमा म्हणजे पगारातून कापला जाणारा पीएफसारखा काही प्रकार आहे. एकदा आपला झाला की आपला.

दवाखान्याच्या तळमजल्यावर विम्याचा वेगळा काउंटर होता. तिथं बसलेली मुलगी तिशीच्या आतली होती. तिनं माझं कार्ड घेतलं, बाबांचं आधार घेतलं आणि विचारलं, “कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे ना काका? नोकरी चालू आहे?”

‘काका’ हा शब्द मी सहन केला. त्यामुळे पुढच्या प्रश्नाचं उत्तर जरा जास्तच ऐटीत दिलं. “कालच सुटलो. शान से.”

तिनं टायपिंग थांबवलं.

“काल शेवटचा दिवस होता?”

“निरोप समारंभ झाला. समोसे होते.”

“काका, मग हे कार्ड मी लावू शकत नाही.”

मी मोबाईल काढला. विम्याचं अ‍ॅप उघडलं. त्यात माझं आणि बाबांचं नाव, आणि पुढे हिरव्या अक्षरांत ‘चालू’ असं होतं. कोर्टात पुरावा मांडावा तसा मी तो तिच्यापुढे धरला.

“ते दिसणारच,” ती म्हणाली. “कंपन्या सोडून गेलेल्यांची नावं महिन्यातून एकदा पाठवतात. यादी गेली की नाव निघतं. पण निघतं ते तुमच्या शेवटच्या दिवसापासून. आज मी पाठवलं तर मंजुरी येईलही. उद्या यादी गेली की ती रद्द होईल, आणि तोवर ऑपरेशन झालेलं असलं तर बिल तुमच्यावर. असं इथं झालेलं आहे म्हणून सांगते.”

“पण बाबांनी कुठं राजीनामा दिला?”

हे मी खरंच बोललो. मागे रांगेतला एक माणूस हसला. मुलगी हसली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

“तुमच्या नोकरीमुळे ते पॉलिसीत आहेत ना. तुम्ही गेलात की ते पण जातात. तुम्ही आधी तुमच्या एचआरला विचारा, शेवटचा दिवस कुठला धरलाय. कागद झाले नसतील अजून तर काही होऊ शकतं. तपासण्या आज करून घ्या, त्या वाया नाही जात.”

बाबा बाकड्यावर बसून तिकडे आलेल्या एका बाईला उमरेडच्या मागाचं सांगत होते. मी त्यांना उठवून तपासण्यांना नेलं. रक्त दिलं, एक्स-रे काढला, रिक्षानं घरी आलो. वाटेत त्यांनी विचारलं, “झालं ना सारं?”

“हो, झालं.”

शनिवारची संध्याकाळ आणि अख्खा रविवार मी आमच्या गच्चीवर काढला. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. कोणाला विचारावं? जवळजवळ सगळी नावं कंपनीतलीच होती, आणि त्या सगळ्यांना मी परवाच ते वीस मिनिटांचं भाषण ऐकवलं होतं. एका जुन्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, नवी पॉलिसी काढून टाक ना बाबांची.” मी एका एजंटाला विचारलं. तो आधी फार उत्साहात होता. मग बाबांचं वय, साखर आणि ठरलेलं ऑपरेशन ऐकल्यावर म्हणाला, “दादा, ठरलेल्या ऑपरेशनसाठी कोणी पॉलिसी देत नसते. आणि दिली तरी जुन्या दुखण्याला थांबावं लागते. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत पहिल्या दिवसापासून सगळं होतं ना, तशी बाहेर मिळत नाही.” तो अगदी हळहळला. माझं काहीतरी हरवलंय आणि ते काय हे त्याला माझ्याआधी कळलंय, असं त्याच्या आवाजात होतं.

सोमवारी मी कंपनीच्या बसला गेलो. ड्रायव्हर म्हणाला, “काय सर, काही विसरले का?”

“हो,” मी म्हणालो.

माझ्या खिडकीच्या सीटवर पॅकिंगचा एक मुलगा बसला होता. उठायला लागला, मी नको म्हणालो, तर लगेच बसला. गेटवर ओळखपत्र नव्हतं म्हणून पाहुण्यांच्या वहीत नाव लिहिलं. ‘कोणाला भेटायचं’ या रकान्यात एचआर लिहिलं. ‘काम’ या रकान्यात बराच वेळ पेन धरून उभा राहिलो आणि ‘वैयक्तिक’ लिहिलं.

एचआरच्या मॅडम पुण्याच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“राजीनामा दिला म्हणून विमा जात नाही,” त्या म्हणाल्या. “शेवटचा कामाचा दिवस संपला की जातो. तुम्ही दोन महिने नोटीस भरली असती तर दोन महिने तुमचं आणि वडिलांचं कव्हर तसंच राहिलं असतं. काही कंपन्या वर्ष संपेपर्यंत ठेवतात, पण आपल्या पॉलिसीत तसं नाही.”

“आणि ज्यांना तुम्ही काढता त्यांचं?”

“त्यांचंही असंच. ज्या दिवशी काढलं त्या दिवशी संपतं, त्यांच्या घरच्यांसकट. फक्त त्यांना तारीख निवडता येत नाही. तुम्हाला येत होती.”

हे वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं.

मग त्यांनी संगणकावर माझं पान उघडलं. “तुमच्या कव्हरमध्ये तुम्ही आणि वडील. दोघंच ना?”

“दोघंच.”

आधी तिघं होतो. बायको गेली तेव्हा तिचं नाव काढायचा अर्ज मला याच खोलीत भरायला लावला होता. कारणाच्या रकान्यात छापलेले पर्याय होते. मॅडमनी पान खाली सरकवलं आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. विमानतळाकडून एक विमान वर चढत होतं.

“तुमचं नशीब,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या सरांची मंजुरी मेलवर आलेली आहे, पण मी शेवटचा दिवस अजून सिस्टीममध्ये टाकलेला नाही. आज टाकणार होते. मुक्ततेचं पत्रही निघालेलं नाही. तुमच्या सरांनी लेखी कळवलं, की नोटीस माफ करत नाही, पूर्ण भरून घ्यायची आहे, तर तुम्ही अजून नोकरीत आहात.”

“मग नुसतं तसं लिहा ना. मी घरी बसतो.”

“नाही. नोकरीत दाखवायचं आणि घरी बसायचं, हे मी करणार नाही. विमा कामावर असलेल्या माणसाचा आहे. रोज यायचं, हजेरी लावायची. काम देतील ते करायचं.”

आता राहिला साहेब. ज्यानं मला मोकळं केलं होतं, त्याच्याकडे जाऊन मला बांधून घाला म्हणायचं होतं. त्याच्या काचेच्या खोलीबाहेर मी उभा राहिलो. आत तो फोनवर बोलत होता. मला पाहून पटकन उठला, आणि सवयीनं खुर्ची पुढे केली, जशी तो शिकाऊ असताना करायचा.

“बसा सर. घड्याळ बंद पडलं का?”

“घड्याळ चालू आहे. मीच बंद पडलो.”

मी सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, की बाबांच्या गुडघ्याबद्दल मी याला कधीच काही बोललो नव्हतो. तो मात्र मला दर हंगामात संत्र्याची पिशवी आणून द्यायचा आणि म्हणायचा, ‘बाबांसाठी घेऊन जा सर.’

तो ऐकत होता. मग म्हणाला, “सर, तुम्ही ‘तत्काळ प्रभावाने’ लिहिलं ना. दोनदा. मले वाटलं, तुम्हाला एक दिवस पण इथं नको आहे. म्हणून सोडलं. माया मनात काही नव्हतं.”

“मला माहीत आहे.”

“हेड ऑफिसले तुमचा मेल गेला आहे. तिथून मले विचारून राहिले, हा माणूस कोण आहे म्हणून.” तो थोडा हसला. “नोटीस पूर्ण करा. मी मॅडमला लिहितो. पण सर, तुमचं काम मी त्या नव्या मुलीला देऊन टाकलं. टेबल पण. ते आता वापस नाही घेता येणार.”

“टेबल नको. खुर्ची दे.”

“आणि ऑपरेशनच्या वेळी सुट्टी लागेल ना?”

लागणार होती. माझ्या त्या आवडत्या वाक्याची प्रत त्याच्या संगणकात असणार, आणि विभागातल्या प्रत्येकाच्या. मी कागद मागितला आणि तिथंच, त्याच्यासमोर, रजेचा अर्ज लिहिला. त्यानं वाचला, सही केली आणि परत माझ्या हातात दिला. त्यानं एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी तरी त्याच्या जागी मारला असता.

रजेचा कागद मॅडमकडे दिला तेव्हा त्या म्हणाल्या, “नोटीसमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस शेवटचा दिवस पुढे जातो, ठाऊक आहे ना? लोक यावर भांडतात.”

“मॅडम, तुमचे उपकार होतील.”

“उपकार नाहीत, नियम आहे,” त्या म्हणाल्या. मग एक अर्ज माझ्यापुढे सरकवला. “आणि हे शेवटच्या दिवसाआधी भरा. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची स्वतःची पॉलिसी मागता येते. इथं काढलेल्या वर्षांचं श्रेय मिळतं, म्हणजे थांबण्याचा काळ तितका कमी होतो. पण प्रीमियम तुमचा, आणि घ्यायचं की नाही हे ते तपासून ठरवतात.”

घरी गेल्यावर खरा पेच होता. बाबांना मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी ऑपरेशनला नाही म्हटलं असतं. त्यांनी आयुष्यात मालकापुढे कधी मान खाली घातली नाही, निदान ते तसं सांगतात. म्हणून मी बोलून गेलो, “कंपनीनं थांबवून घेतलं. माझ्याशिवाय जमत नाही म्हणाले. दोन महिने तरी थांबा.”

बाबांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, खोटं बोलण्यात मी उगाच इतकी वर्षं कंजुषी केली. संध्याकाळी त्यांनी खाली बसणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी वॉचमननं मला सलाम ठोकला. “ऐकलं साहेब, कंपनीवाल्यांनी पाय धरले म्हणे?”

“एकच धरला,” मी म्हणालो. “उजवा.”

मग ते दोन महिने सुरू झाले. निरोप घेतलेला माणूस परत आला, की त्याचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलून झालेलं असतं, आणि तो उठून चहा मागतो. माझी खुर्ची झेरॉक्स मशीनजवळ होती. मशीन गरम हवा सोडायचं ती माझ्या पोटरीवर यायची. कॉम्प्युटरचं लॉगिन बंद होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मला परत घेण्याचं कोणाला सुचलं नाही आणि मी म्हटलं नाही. त्यामुळे मीटिंग कधी आहे, कोणाच्या मुलाचा वाढदिवस आहे, केक कुठे कापतायत, हे मला टाळ्या ऐकू आल्यावर कळायचं.

पहिल्या आठवड्यात लोक झेरॉक्सला आले की दचकायचे.

“अरे सर? अजून इथंच?”

“हो रे. नोटीस.”

“पण पार्टी तर झाली.”

“ती आगाऊ झाली.”

एक जण तर म्हणाला, “सर, मंग घड्याळाचे आमचे पैसे?” तो गंमत करत होता. मी हसलो. तो गेल्यावर लक्षात आलं, की दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं तेवढंच.

जेवताना मी आधी जुन्या टेबलावर गेलो. सगळे सरकले, जागा झाली, आणि बोलणं थांबलं. माझ्या भाषणात ज्यांच्या चुका होत्या ते सगळे त्याच टेबलावर होते. ते वाईट वागले असं नाही. वांग्याची भाजी पुढे केली. पण मी जाईपर्यंत कोणी साहेबाबद्दल, कामाबद्दल, काहीच बोललं नाही. हा माणूस जाणार आहे, याला सांगून काय करायचं? मग मी जरा उशिरा जेवायला लागलो. कॅन्टीनमध्ये तेव्हा खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या असत. मी एक उतरवायचो आणि डबा उघडायचो. भात मीच केलेला असायचा, त्यामुळे आश्चर्य कशाचंच नव्हतं.

नव्या मुलीला माझी गरज पडेल असं मला वाटायचं. तिनं एकदाही काही विचारलं नाही. मीच एकदा जाऊन म्हणालो, “इंदूरच्या गाड्यांचं काही अडलं तर सांग.” ती नम्रपणे म्हणाली, “हो सर, नक्की.” तिनं इंदूरच्या गाड्यांचा क्रम बदलला होता आणि गाड्या पूर्वीपेक्षा लवकर सुटत होत्या. मी काचेतून पाहत होतो. मी गेलो तर गोदाम बुडेल असं मी भाषणात म्हटलं होतं. गोदाम माझ्या डोळ्यांसमोर तरंगत होतं.

मशीनमध्ये कागद भरायचं काम मी स्वतःहून घेतलं. महिन्याच्या शेवटी लोक मला त्यासाठी हाक मारू लागले, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की त्याची आता लाज वाटते.

बाबांच्या ऑपरेशनच्या आधी मी त्या काउंटरवर परत गेलो. मॅडमनी दिलेलं, मी नोकरीत आहे असं पत्र सोबत होतं. मुलीनं ते वाचलं. “परत रुजू झालात काका?”

“गेलोच नव्हतो. नुसती अफवा होती.”

तिनं कागद पाठवले. विमा कंपनीकडून आधी एक शंका आली, गुडघ्याचा त्रास कधीपासून आहे याची. डॉक्टरांनी उत्तर लिहिलं. मी काउंटरसमोरच्या बाकड्यावर बसलो. आजूबाजूला सगळ्यांसोबत कोणी ना कोणी होतं. कोणी डबा आणलेला, कोणी पाण्याची बाटली धरलेली, एका बाईसोबत तर सहा जण होते आणि ते सगळे एकाच वेळी वेगवेगळे सल्ले देत होते. मला त्या बाईचा हेवा वाटला. दुपारी मंजुरी आली. सांगायला फोन हातात घेतला आणि कोणाला लावायचा ते सुचेना. मग त्या काउंटरवरच्या मुलीलाच म्हणालो, “मंजूर झालं!” ती म्हणाली, “हो काका, मीच सांगितलं तुम्हाला आत्ता.”

ऑपरेशन नीट झालं. भूल उतरल्यावर बाबा पहिलं वाक्य बोलले ते नर्सशी. “याले सुट्टी भेटत नव्हती वं. कंपनी सोडूनच नाही राहिली.” नर्सनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घालून मोसंबी सोलत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं. एक पाऊल टाकलं आणि ओरडले. दुसरं टाकलं आणि फिजिओथेरपिस्टला शिवी दिली. तिसऱ्याला थांबून खाली गुडघ्याकडे पाहिलं.

“हा माया आहे का?”

“तुमचाच आहे बाबा.”

“वाटत नाही. दुखून राहिला, पण जुना नाही दुखत.”

तिथं मात्र माझे डोळे भरले. बाबा गुडघ्याकडेच पाहत होते हे बरं झालं.

रजा संपली. मी परत झेरॉक्सपाशी जाऊन बसलो. पुढे सरकलेले दिवस भरायचे होते. मॅडमनी दिलेला अर्ज मी भरला, माझा आणि बाबांचा. विमा कंपनीचा फोन आला, प्रश्न आले, बाबांच्या साखरेचे आकडे, ऑपरेशनचे कागद. सगळं खरं लिहिलं. माझ्या हातून खोटं फक्त बाबांपुरतं होत होतं.

दुसरा शेवटचा दिवस कोणाच्या लक्षात नव्हता. समोसे नव्हते. साहेब गाड्यांच्या गडबडीत होता, तरी बाहेर येऊन म्हणाला, “सर, बाबा चालतात ना आता?” मी हो म्हणालो. त्यानं हात पुढे केला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. त्यासाठी वीस मिनिटं नव्हे, एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “इंदूरचा क्रम चांगला लावलाय त्या मुलीनं.” तो म्हणाला, “सांगतो तिले.” परत मिळालेलं ओळखपत्र गेटवर दुसऱ्यांदा जमा केलं. पहारेकरी म्हणाला, “आता पक्कं ना?”

बाबांनी खाली जाहीर केलं, की पोरानं कंपनीला दुसऱ्यांदा लाथ मारली. वॉचमननं पुन्हा सलाम ठोकला.

विम्याचं उत्तर त्यानंतर आलं. माझा अर्ज मंजूर होता. बाबांचा नाही. वय, साखर आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया पाहता आम्ही प्रस्ताव स्वीकारू शकत नाही, असं सभ्य भाषेत होतं. पॉलिसीच्या पानावर कुटुंबातील सदस्य असा तक्ता होता आणि त्यात एक ओळ. इतकी वर्षं मी बाबांसाठीच पॉलिसीत आहे असं मला वाटायचं. आता मी एकटा सुरक्षित होतो. दुखत तर माझं काहीच नव्हतं.

बाबांना हे सांगावंच लागलं. ते गॅलरीत वॉकर घेऊन फेऱ्या मारत होते.

“म्हणजे आता माया विमा नाही?”

“सध्या नाही. सत्तर झाले की सरकारी विम्याचं कार्ड निघतं. तोवर दुसरी कंपनी पाहतो. कुठं मिळालं तर मिळालं.”

“सत्तर कधी होतो मी?”

“दोन वर्षं आहेत.”

ते विचारात पडले. “मंग दोन वर्षं पडायचं नाही म्हणतो?”

“नाही पडायचं.”

“तुले नवी नोकरी भेटली तर?”

“तर परत दोघं. पहिल्याच दिवशी तुमचं नाव देईन.”

“अन् त्या कंपनीनं तुले काही म्हटलं तर?”

“काय म्हणेल?”

“म्हणजे अपमान-बिपमान केला तर. राजीनामा तोंडावर मारशील?”

मी गॅलरीच्या दाराशी आलो. ते थांबले नाहीत. वॉकर पुढे टाकला, पाय टाकला, परत वॉकर. गॅलरीच्या टोकाला वळताना रबराचं टोक फरशीत अडकलं आणि मी धावलो. पण त्यांनी सावरून घेतलं होतं.

“मागून नको येऊ,” ते म्हणाले. “मी पाहून राहिलो खाली.”

मी दोन पावलं मागे झालो आणि तिथंच उभा राहिलो, हात थोडे पुढे धरून.